छत काळं केलं तरी डोकं तापतंच: काचेचं छत, सनशेड आणि एसीचा हिशेब

तक्रार अशी होती. आम्ही शारजात राहतो, मी दुबईच्या जबल अलीतल्या एका गोदामात सकाळच्या पाळीला असतो. दोन वाजता पाळी सुटते आणि सहा वाजल्यापासून उघड्यावर उभी असलेली गाडी घेऊन मी घरी निघतो. गाडी इलेक्ट्रिक आहे. छत पूर्ण काचेचं, टचस्क्रीनच्या पडद्यावर बोट फिरवलं की ती काच फिकी-गडद होते, आणि खालून कापडी सनशेडही सरकते. विकणाऱ्याने सांगितलं होतं, "काच गडद केली की शेडची गरजच नाही." त्यावर विश्वास ठेवून मी सगळा उन्हाळा शेड उघडी ठेवली.

जून लागला तसं रोजचं रडगाणं सुरू झालं. एसी २४ वर, पडद्यावर आतलं तापमानही २४-२५ दाखवतं, तरी टाळूवर कोणीतरी इस्त्री धरल्यासारखं वाटायचं. मग मी १८ वर आणायचो. पंखा घोंघावायचा, हात गार पडायचे, टाळू तापलेलीच. मोठ्या रस्त्यावर शंभरच्या वेगात जरा बरं वाटायचं आणि शारजाच्या हद्दीशी ट्रॅफिक तुंबला की पुन्हा तेच. शिवाय काही दिवशी त्रास जास्त, काही दिवशी कमी, आणि त्याचा बाहेरच्या तापमानाशी मेळ लागत नव्हता.

सर्व्हिस सेंटरमध्ये दोनदा गेलो. एसीचा गॅस तपासला, केबिन फिल्टर बदलला, व्हेंटमधून येणारी हवा मोजली. ती ८ अंशांवर होती, म्हणजे एसी ठणठणीत. "सर, गर्मी तो है ना," म्हणून त्यांनी गाडी परत दिली. त्यांचं चूक नव्हतं. बिघाड एसीत नव्हताच.

माझे साडू इथल्या उंच इमारतींना बाहेरून काचा बसवणाऱ्या कंपनीत आहेत. एका शुक्रवारी जेवायला आले होते, तेव्हा त्यांच्यापुढे गाऱ्हाणं मांडलं. ते हसले. "साडूभाऊ, पत्र्याच्या घरात दुपारी पंखा लावून झोपलायत का कधी? हवा लागते, पण डोकं तापतं. तुमच्या गाडीवर काचेचा पत्रा आहे." आणि दुसऱ्या दिवशी ते त्यांचा लेझरचा तापमापक घेऊन आले.

इथून पुढचं तपासणीचं आहे. तुमच्याकडे हीच तक्रार असेल तर याच क्रमाने गेलेलं बरं.

आधी आपलं छत कोणत्या जातीचं आहे ते ओळखा, कारण विक्रेते सगळ्यांनाच 'स्मार्ट ग्लास' म्हणतात. छत मधल्या छटेवर ठेवा, गाडी बंद करून लॉक करा, दहा मिनिटांनी बाहेरून बघा. काच दुधाळ झाली असेल तर आत द्रवस्फटिकाची फिल्म आहे, तिला पीडीएलसी म्हणतात. वीज असली की ती पारदर्शक, वीज गेली की धुरकट. ती उजेड विखुरते, पण अडवत फारसा नाही, त्यामुळे दुधाळ झाल्याने डोळ्यांना बरं वाटतं आणि उष्णता जवळपास तेवढीच आत येते. काच वीज गेल्यावर आपोआप काळी पडली असेल तर ती तरंगत्या कणांची, म्हणजे एसपीडी. आणि जिथे ठेवली त्याच छटेवर राहिली असेल तर ती खरी इलेक्ट्रोक्रोमिक. तिच्यात एक-दोन व्होल्टच्या दाबाने आयन एका थरातून दुसऱ्या थरात सरकतात आणि काच रंग धरते. छटा बदलायला वीज लागते, टिकवायला जवळपास लागत नाही. म्हणूनच ती सावकाश बदलते, आणि मोठ्या छताला मिनिटभर किंवा जास्तही लागू शकतं. माझी ही तिसरी निघाली.

तिच्या या स्वभावातच माझ्या 'काही दिवशी जास्त' या कोड्याचं उत्तर दडलेलं होतं, पण ते कळायला आणखी आठवडा गेला.

आता मोजणी. लेझर तापमापक काचेवर धरला की आकडा येतो, पण तो खरा असेलच असं नाही. हा तापमापक पृष्ठभागातून निघणारी उष्ण किरणं मोजतो. काही छतांना आतल्या बाजूने दिसणारही नाही असा धातूचा किंवा धातूच्या ऑक्साइडचा पातळ लेप असतो, त्याला लो-ई कोटिंग म्हणतात. असा पृष्ठभाग स्वतः फार कमी किरणं सोडतो आणि खालच्या सीटांची किरणं आरशासारखी परत फेकतो, त्यामुळे तापमापक काचेऐवजी सीटांचं तापमान सांगतो. साडूंची युक्ती सोपी होती. वायरमनची काळी टेप घ्यायची, तिचा बोटभर तुकडा छताला आतून चिकटवायचा, पाच मिनिटं थांबायचं आणि टेपवर एकदा, शेजारच्या उघड्या काचेवर एकदा मोजायचं.

माझ्या गाडीत दुपारी सव्वादोनला, छत पूर्ण गडद असताना, टेपवर ७१ अंश आले आणि उघड्या काचेवर ६९. दोन्ही जवळजवळ सारखे, म्हणजे आतून लेप नाही. गोदामातल्या सहकाऱ्याच्या गाडीला, जिचं छत साधंच रंगीत आहे आणि बदलतही नाही, टेपवर ६७ आणि उघड्या काचेवर ५१ आले. त्याच्या काचेला लेप आहे. काच माझ्याइतकीच तापलेली, पण ती डोक्याकडे फारशी उष्णता सोडत नाही. त्याला टाळूचा त्रास का होत नव्हता हे तिथेच कळलं. त्याची गाडी माझ्यापेक्षा बरीच स्वस्त आहे, हे मात्र मला गिळायला जड गेलं.

गडद केलेली काच ७१ वर गेली हे नीट समजून घ्यायला हवं, कारण सगळा घोळ तिथेच आहे. काच काळी होते म्हणजे ऊन परत पाठवते असं नाही. ती ऊन पिते. दुबईचा अक्षांश २५ अंशांच्या थोडा पुढे, कर्कवृत्ताच्या उत्तरेला, त्यामुळे मुंबई-पुण्यासारखा शून्य सावलीचा दिवस इथे येत नाही, पण २१ जूनच्या सुमारास मध्यान्ही सूर्य माथ्यापासून दोनच अंश ढळलेला असतो. दोन वाजताही तो बराच वर असतो. आडव्या पृष्ठभागावर चौरस मीटरला साधारण ९०० वॉट पडतात असं धरू, आणि छत १.२ चौरस मीटर. म्हणजे काचेवर एकूण १,०८० वॉट.

गडद असताना यातले ३ टक्के सरळ आत येतात आणि ८ टक्के परावर्तित होतात असं धरलं तर उरलेले सुमारे ९६० वॉट काच पिऊन टाकते. ही उष्णता जाणार कुठे? काही वर वाऱ्याबरोबर, काही खाली केबिनमध्ये. गाडी उभी आणि हलका वारा असेल तर पाव भागाहून थोडी जास्त खाली येते, धरा २७० वॉट. सरळ आलेले ३० मिळवले की ३०० वॉट. आता काच फिकी ठेवली आणि २० टक्के सरळ आत आले असं धरा. ते झाले २१५ वॉट. या काचा फिक्या असतानाही तशा काळसरच असतात, त्यामुळे ७८० वॉट तरी त्या पितातच, आणि त्यातले २२० खाली उतरतात. एकूण ४३५ वॉट.

म्हणजे पूर्ण फिक्यापासून पूर्ण गडदपर्यंत गेल्यावर आत येणारा उजेड सात पटींनी कमी झाला, पण उष्णता ४३५ वरून ३०० वर, फक्त तिसऱ्या हिश्श्याने. एसीच्या कॉम्प्रेसरला हा १३५ वॉटचा फरक उपसायला ५०-६० वॉट वीज पुरते. तासाभराच्या प्रवासात त्याने रेंज अर्धा किलोमीटरही हलत नाही. "छत गडद ठेवा, बॅटरी वाचवा" असं कोणी सांगत असेल तर हा आकडा पुढे करा. गडद करण्याचा खरा फायदा वेगळा आहे: चेहऱ्यावर, हातावर, मुलाच्या कारसीटच्या बकलवर थेट ऊन पडत नाही. तो मोठा फायदा आहे, पण तो बॅटरीचा नाही.

रस्त्यावर बरं आणि ट्रॅफिकमध्ये वाईट हेही यातूनच सुटतं. शंभरच्या वेगात छतावरून वारा सुसाट जातो, पिलेली उष्णता वरच्या वर निघून जाते आणि खाली जेमतेम आठवा हिस्सा येतो. तुंबलेल्या रांगेत, बिनवाऱ्याच्या हवेत, चाळीस टक्क्यांपर्यंत खाली येऊ शकते. सूर्य तोच, काच तीच, आत येणारी उष्णता तिप्पट.

आणि डोकं? ६५-७० अंशांची काच टाळूपासून वीतभर वर. अशा काचेकडून त्वचेला चौरस मीटरमागे निव्वळ २०० वॉटच्या आसपास किरणांतून मिळतात. हवा कितीही गार असली तरी ही किरणं हवेतून आरपार येतात, हवा त्यांना अडवत नाही. गाडीच्या एसीला याचा पत्ता नसतो. त्याचा एक सेन्सर केबिनची हवा चाखतो, दुसरा डॅशबोर्डवर पुढच्या काचेखाली बसून ऊन बघतो. छताची काच किती तापलीय हे मोजणारा माझ्या गाडीत कोणी नाही. म्हणून पडदा २४ म्हणतो, टाळू नाही म्हणते, आणि मधे सापडलेला चालक बटण दाबून १८ करतो.

एसीचा भार इथे वाढतो. माझ्या गाडीच्या ऊर्जा-पडद्यावर, त्याच रस्त्यावर, त्याच वेळेला, गाडी थंड झाल्यानंतर, २४ वर एसी १.३ ते १.४ किलोवॉट घेत होता आणि १८ वर २.१. म्हणजे माझं बोट सातशे वॉट खात होतं. काचेच्या छटेने पडणाऱ्या फरकाच्या दहा पटींहून जास्त.

उपाय म्हणजे ज्या शेडची गरजच नाही असं सांगितलं होतं, तीच. शेड बंद करून पंधरा मिनिटं चालवल्यावर काच ६३ वर होती आणि शेडच्या कापडाची खालची बाजू ४४ वर. किरणांचा हिशेब केला तर ४४ अंशांच्या कापडाकडून डोक्याला मिळणारी उष्णता काचेच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी राहते. त्या दिवशी २४ वरून हात हलवायची गरज पडली नाही. शेड बंद केल्याने काच आणि कापडाच्या मधली हवा कोंडते आणि काच थोडी जास्त तापते हे खरं, पण ती जास्तीची उष्णता मुख्यतः वर जाते. त्याने घाबरू नका.

शेड कधी बंद करायची याला महत्त्व आहे. गाडी तापल्यावर बंद केली तर आधी ती स्वतः तापते आणि वरची कोंडलेली गरम हवा कडांमधून झिरपत राहते. सकाळी लॉक करतानाच बंद करा. दुपारी निघताना आधी मिनिटभर काचा खाली करून गरम हवा जाऊ द्या, मग काचा वर आणि आतलीच हवा फिरवायची सेटिंग. पहिली पाच मिनिटं एसी पूर्ण जोरात चालेल, तो चालू द्या. तो भार छताचा नाही, तापलेल्या सीटांचा आणि डॅशबोर्डचा आहे.

ज्यांच्या गाडीला शेडच नाही त्यांच्यासाठी बाजारात अडकवायच्या जाळ्या मिळतात. चंदेरी बाजू वर ठेवा, पण ती खरंच धातूची असायला हवी. वर प्लास्टिकचा थर असेल किंवा नुसता चंदेरी रंग असेल तर काचेची उष्ण किरणं अडवण्यात ती साध्या कापडापेक्षा फार वेगळी नसते. टेपवाल्या परीक्षेत ती लगेच उघडी पडते. आतून फिल्म चिकटवण्याच्या फंदात मात्र पडू नका. रंग बदलणारी काच आधीच तापलेली असते, फिल्मने ती आणखी तापते, थरांवर ताण येतो, आणि काही बिघडलं की वॉरंटीवाले सगळ्यात आधी त्या फिल्मकडे बोट दाखवतात.

सगळ्यात जोरदार उपाय बाहेरून झाकण्याचा आहे, कारण ऊन काचेने पिण्याआधीच परत जातं. साडूंच्या सांगण्यावरून एक दिवस घरातली जुनी पांढरी चादर छतावर पसरली आणि टोकं दारांत अडकवली. दोन वाजता टेपवर ५२ अंश. एकोणीस अंशांचा फरक, तोही चादरीने! गोदामातली पोरं अजून मला चादरवाला म्हणतात. वाऱ्याच्या दिवशी ती उडते, म्हणून रोजची सवय झाली नाही.

आता ते 'काही दिवशी जास्त'चं कोडं. आठवडाभर रोज दोन वाजता टेप मोजली आणि काचेतून आत किती उजेड येतो ते बघितलं. सोमवार आणि बुधवार सोडून छत गडद. त्या दोन दिवशी फिकं, टेपवर ६६, आणि सीटचं वरचं शिवण हात लावता येणार नाही इतकं तापलेलं. बघा, काच गडद असतानापेक्षा थंडच होती. जी उष्णता तिने पिली नाही, ती सीटवर उतरली होती. दोन महिने मी एसीच खराब आहे असं धरून बसलो होतो.

सोमवार-बुधवारी बायको सकाळी माझ्याबरोबर निघते, तिला वाटेत सोडतो. ती माझ्यापुढे चालते, तिच्या पर्समध्ये तिचा फोन, आणि फोन हीच गाडीची किल्ली. गाडी पहिल्यांदा तिला ओळखायची आणि सीट, छत वगैरेच्या सेटिंगचं तिचं प्रोफाइल लावायची. त्यात छत फिकं, कारण मुलाला विमानतळावरून उडालेली विमानं बघायची असतात. काच इलेक्ट्रोक्रोमिक, त्यामुळे मी जबल अलीला लॉक करून गेल्यावरही ती फिकीच राहायची. पुरावा रोज माझ्या गुडघ्याला लागत होता: त्या दोन दिवशी चालकाची सीट पुढे सरकलेली असायची. मी वैतागून मागे घ्यायचो आणि विसरायचो.

"एसी बिघडलाय म्हणून दोनदा सर्व्हिसला गेलास, आणि मला एकदा विचारलं नाहीस?" ती म्हणाली. याला उत्तर नव्हतं.

तेव्हा सर्व्हिसला नेण्याआधी पडद्यावर कोणाचं नाव दिसतंय ते बघा, आणि लॉक केल्यावर छताने कोणती छटा धरावी अशी सेटिंग तुमच्या गाडीत असेल तर ती प्रत्येक प्रोफाइलमध्ये जाऊन लावा. खरा बिघाड वेगळा दिसतो. काच कडांकडून गडद होत मध्याकडे येते, कारण वीज कडेच्या पट्ट्यांतून शिरते. सुरुवातीला मध्य फिका असणं नैसर्गिक आहे. पाच-सात मिनिटांनीही तो फिकाच असेल, किंवा एकच बाजू गडद होत असेल, तर पट्टी किंवा कंट्रोलर तपासायला द्या आणि सोबत दर मिनिटाला काढलेले फोटो न्या, नाहीतर गाडी त्यांच्या सावलीतल्या वर्कशॉपमध्ये शहाण्यासारखी वागेल. फार तापलेल्या वेळी 'सुविधा तात्पुरती उपलब्ध नाही' असा संदेश आला तर तो बिघाड नसून थर जपण्यासाठी असू शकतो. गाडी थोडी थंड झाली की पुन्हा करून बघा. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत हे लिहिलेलं आहे, मी मात्र ते सगळं झाल्यावर वाचलं.

आता दोन्ही प्रोफाइलमध्ये लॉक केलं की छत गडद होतं आणि सकाळी शेड बंद होते. विमानं संध्याकाळी सातनंतर, सूर्य मावळला की. तेव्हा त्यांचे दिवेही दिसतात, असं मुलाचं म्हणणं आहे.